मंजूर झालेल्या इमेजमध्ये शेवटच्या क्षणी चुकीचा शब्द : माफीचा मेल पाठवण्याआधी काय काय तपासायचं

आमच्या स्टुडिओत शाळा, पतसंस्था, नगरसेवक आणि छोट्या दुकानदारांच्या सोशल मीडियाच्या इमेज तयार होतात. डिझाइन मी करत नाही. क्लायंटशी होणारा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो, त्यामुळे इमेजमध्ये चुकीचा शब्द गेला की पहिला फोन मला येतो आणि माफीचा मेलही मीच लिहिते. हे वारंवार निस्तरावं लागल्यामुळे एक गोष्ट नक्की कळली आहे. मेल फसतो तो बहुतेक वेळा भाषेमुळे नाही. नेमकं काय झालं हे न तपासता तो पाठवला जातो, म्हणून फसतो. मग एका चुकीसाठी दोनदा माफी मागावी लागते, आणि दुसऱ्या माफीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

खालचं सगळं जयंती-पुण्यतिथीच्या इमेजवरून सांगते, कारण आमच्याकडे ही चूक सर्वात जास्त तिथेच होते आणि तिथेच ती लोकांना सर्वात जास्त लागते.

लक्षणं

सकाळी लवकर क्लायंटचा फोन येतो किंवा नुसता स्क्रीनशॉट येतो, चुकीच्या शब्दाभोवती लाल गोल केलेला. डिझायनर आपली फाइल उघडून म्हणतो, "माझ्याकडे तर बरोबर आहे." क्लायंट म्हणतो, "परवा मंजूर केली तेव्हा बरोबर होती." दोघंही खरं बोलत असतात. घाईघाईत दुरुस्त इमेज आणि दोन ओळींची दिलगिरी जाते. तासाभरात पुन्हा फोन येतो की उभ्या मापाच्या इमेजमध्ये तोच शब्द अजून आहे, किंवा नवीन इमेज टाकली तरी ग्रुपवर जुनीच फिरते आहे. क्लायंटचं उत्तर "ठीक आहे" एवढंच येतं आणि पुढच्या महिन्याचं काम येत नाही.

यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे. एक मात्र आधीच वेगळं काढा. शब्द बरोबर आहे पण अक्षरं तुटलेली आहेत, पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे पडली आहे, जोडाक्षरं पाय मोडून सुटी झाली आहेत, तर तो वेगळा आजार. फोटोशॉपमध्ये देवनागरीसाठी लागणारी मजकूर-मांडणीची सेटिंग बंद आहे किंवा त्या मशीनवर फॉन्टच नाही. त्याची माफी सोपी असते. इथे बोलते आहे ते नीट लिहिलेल्या, शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष, पण त्या जागी चुकीच्या असलेल्या शब्दाबद्दल. म्हणूनच तो स्पेलचेकरलाही सापडत नाही.

ही चूक १ ऑगस्टला का होते

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती. योगायोग असा की वर्षही एकच. टिळक गेले ते १ ऑगस्ट १९२० ला, आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म झाला. त्यामुळे बहुतेक संस्था एकाच इमेजवर दोघांना अभिवादन करतात. डावीकडे टिळक, खाली "पुण्यतिथी" अशी पट्टी. उजवीकडे अण्णाभाऊ, खाली "जयंती" अशी पट्टी. वर मोठ्या अक्षरात "विनम्र अभिवादन", जे दोन्हीकडे चालतं.

आता त्याआधीचे दोन आठवडे पाहा. १८ जुलैला अण्णाभाऊंचा स्मृतिदिन, २३ जुलैला टिळकांची जयंती. म्हणजे पंधरवड्यात त्याच दोन माणसांची चार निमित्तं, आणि तीही अगदी उलटसुलट. डिझायनरच्या फोल्डरमध्ये अण्णाभाऊंची "पुण्यतिथी" लिहिलेली फाइल ताजी पडलेली असते आणि टिळकांची "जयंती" लिहिलेलीही. पार्श्वभूमी तीच, फ्रेम तीच, अक्षरांचा रंग तोच. फोटो उचलला की त्याखालची पट्टी सोबत येते.

एका शिक्षणसंस्थेच्या कामात हेच झालं. मंजूर नमुना अगदी बरोबर होता. आदल्या संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला की अण्णाभाऊंचा फोटो अंधूक दिसतो, दुसरा लावा. डिझायनरला आठवलं की १८ जुलैच्या फाइलमध्ये चांगला फोटो आहे. त्याने तिथला अख्खा ग्रुप, म्हणजे फोटो, चौकट आणि पट्टी असलेला लेयरचा संच, ओढून नव्या फाइलमध्ये टाकला. जुना ग्रुप काढला. फोटो छान बसला. पट्टीवर आता "पुण्यतिथी" होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच इमेजवर बाजूला तोच शब्द बरोबर जागी होता. १ ऑगस्टशी जुळणारा शब्द दिसला की डोळा पुढे सरकतो. सकाळी संस्थेने ती इमेज इन्स्टाग्रामवर आणि पालकांच्या ग्रुपवर टाकली. पहिला फोन एका पालकांनीच संस्थेला केला.

नमुना मंजूर झाल्यानंतरचा तो छोटासा बदल, "फक्त फोटो बदला", "फक्त लोगो मोठा करा", हीच चूक शिरायची नेहमीची जागा आहे. नमुना सगळे वाचतात. त्यानंतरची प्रत कोणी वाचत नाही, फक्त बदललेला भाग झालाय ना एवढं बघतात.

तपासणी १ : क्लायंटकडे कुठली प्रत आहे ते बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. डिझायनरची मूळ फाइल उघडू नका. ज्या मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने इमेज गेली तो मेल उघडा, त्याला जोडलेली फाइल डाउनलोड करा आणि पूर्ण आकारात वाचा. "माझ्याकडे बरोबर आहे" या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की मूळ फाइल नंतर दुरुस्त झाली, पण गेली ती आधीची एक्सपोर्ट. `final.png`, `final-2.png` आणि `final-new.png` अशी नावं असतील तर चुकीची जोडली जाणं ठरलेलंच.

याने मेलमध्ये काय लिहायचं ते बदलतं. बरोबर इमेज आधीच तयार होती आणि चुकीची जोडली गेली, तर तसंच लिहा आणि बरोबरची लगेच पाठवा. चूक इमेज घडवतानाच झाली असेल, तर आणखी काय काय बिघडलं असेल ते बघितल्याशिवाय काहीही पाठवू नका.

तपासणी २ : त्यांनी दिलेला मजकूर काढा

मजकूर मेलने आला होता की कागदाच्या फोटोवरून उतरवून घेतला होता, ते शोधा आणि तो शब्द तिथे काय आहे ते पाहा. ही तपासणी क्लायंटला कोंडीत पकडण्यासाठी नाही. मेलमध्ये "आपण दिलेला मजकूर बरोबर होता" हे वाक्य लिहिता येईल की नाही, हे यावरून ठरतं. या वाक्याचं मोल फार आहे. संस्थेतल्या ज्या कारकुनाने मजकूर पाठवला, त्याला वरिष्ठ विचारणारच असतात. तुमच्या मेलमधलं ते एक वाक्य त्याची बाजू सांभाळतं.

आणि शब्द त्यांच्याच मजकुरात चुकला असेल तर? मग माफीच्या मेलमध्ये ते ठणकावून सांगायचं नाही, पण चूक आपली आहे असंही खोटं लिहायचं नाही. फोनवर त्या माणसाला एकट्याला सांगा की मजकुरात तसंच होतं, आणि मेलमध्ये "आमच्याकडून वाचताना हे लक्षात यायला हवं होतं" एवढंच लिहा. तेवढं खरं असतं.

तपासणी ३ : चुकीच्या प्रतीचा प्रसार आधी थांबवा

मेल लिहायला बसण्याआधी फोन करा. "सर, इमेजमध्ये चूक आहे, पाहिली. ती पुढे पाठवू नका, ग्रुपवरून काढता येत असेल तर काढा. बरोबर प्रत थोड्या वेळात देते." एवढंच. फोनवर कारणं सांगत बसू नका, कारण तुम्हाला ती अजून माहीत नसतात.

कुठून काय काढता येतं हे आधी माहीत असलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी काढून टाकायची मुदत साधारण दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. ग्रुप अ‍ॅडमिनला इतरांनी टाकलेला संदेशही काढता येतो. पण कोणी ती इमेज दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवली असेल तर ती प्रत राहते. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं, तरी ते लगेच काढा, कारण सकाळच्या तीन-चार तासांतच ते सगळ्यात जास्त बघितलं जातं. इन्स्टाग्रामवर एकदा पोस्ट झालेला फोटो बदलता येत नाही, फक्त खालचा मजकूर बदलता येतो. तेव्हा पोस्ट काढून नवी टाकावी लागते. त्यावर लाइक आणि कमेंट आले असतील तर क्लायंट काढायला कचरतो. त्याला स्पष्ट सांगा की दुरुस्तीची ओळ खाली टाकून चुकीची इमेज वर ठेवली, तर लोक इमेजच बघतात, ओळ वाचत नाहीत.

संस्थेच्या वेबसाइटवर इमेज असेल तर एक खोच आहे. त्याच नावाने नवी फाइल चढवली तरी अनेकांच्या ब्राउझरमध्ये साठवलेली जुनीच दिसत राहते. नव्या फाइलला नवं नाव द्या आणि पानावरचा दुवा बदला.

त्याच डिझाइनचा फ्लेक्स छापायला गेला असेल तर क्लायंटच्याही आधी छापखान्याला फोन. इमेज मागे घेता येते, चौकात लागलेला फ्लेक्स नाही.

तपासणी ४ : शब्द कुठून आला आणि आणखी कुठे आहे

हे काम डिझायनरचं, पण विचारायचं तुम्ही. दोन प्रश्न विचारा. त्या शब्दाचा लेयर कुठून आला? आणि तोच लेयर आणखी कुठल्या मापात वापरला आहे?

दुसऱ्या प्रश्नावर सगळी मदार आहे. आपण साधारणपणे चौकोनी, म्हणजे १०८० बाय १०८० पिक्सेल, आणि स्टोरी-स्टेटससाठी उभी, १०८० बाय १९२० पिक्सेल, अशी दोन मापं देतो. ती बहुधा एकाच फाइलमधले दोन आर्टबोर्ड, म्हणजे दोन स्वतंत्र पानं, असतात. चौकोनीमधला शब्द दुरुस्त केला म्हणून उभ्यामधला दुरुस्त होत नाही. वर सांगितलेल्या शिक्षणसंस्थेच्या कामात नेमकं हेच व्हायला आलं होतं. तक्रार चौकोनी इमेजची होती, तेवढीच दुरुस्त होऊन पाठवायला निघाली होती. उभी उघडून पाहिली तर अण्णाभाऊंच्या खाली अजूनही "पुण्यतिथी".

फोटोशॉपमध्ये `Edit > Find and Replace Text` वापरून शब्द शोधता येतो, आणि बरेच डिझायनर तो एकदा चालवून निर्धास्त होतात. पण लपवलेल्या आणि कुलूप लावलेल्या लेयरमध्ये ही आज्ञा शोधत नाही. पट्टी स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे फाइलच्या आत बसवलेली दुसरी फाइल, असेल तर आतला मजकूरही या आज्ञेला दिसत नाही. तो दोनदा क्लिक करून वेगळ्या खिडकीत उघडावा लागतो आणि बदल केल्यावर सेव्ह करावा लागतो, नाहीतर बाहेरच्या इमेजमध्ये जुनाच शब्द राहतो. मजकुराचं चित्रात रूपांतर करून टाकलं असेल तर तिथे शोधण्यासारखं काही उरतच नाही. शिवाय १ ऑगस्टच्या इमेजमध्ये "पुण्यतिथी" हा शब्द एका जागी बरोबर आहे! सगळीकडे बदल करा असं सांगितलंत तर टिळकांच्या खाली "जयंती" येईल आणि चूक एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाईल. म्हणून इथे शोध-बदल नको. लेयर हाताने उघडून एकेक बघायचे.

तपासणी ५ : दुरुस्त प्रत दुसऱ्या माणसाने वाचायची

ज्याने दुरुस्ती केली त्याला आता त्या जागी बरोबर शब्दच दिसणार, तो तिथे असो वा नसो. म्हणून एक्सपोर्ट झालेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवायची आणि त्याने मोठ्याने वाचायची. तिसऱ्याने क्लायंटचा मूळ मजकूर हातात धरून ऐकायचं. महापुरुषांच्या इमेजला आम्ही एक खास पद्धत ठेवली आहे. प्रत्येक फोटोवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं : नाव, निमित्त, तारीख. "अण्णाभाऊ साठे, जयंती, १ ऑगस्ट." मग पुढचा फोटो. वरून खाली वाचत गेलं तर शब्द निसटतो. फोटोगणिक वाचलं तर निसटत नाही, कारण प्रश्नच तसा विचारला जातो.

त्याच वेळी बाकीचंही वाचा. घाईच्या दुरुस्तीत "दिन" चा "दीन" होतो, संस्थेच्या नावातला "मर्यादित" गळतो, जुन्या फाइलमधला गेल्या वर्षाचा आकडा राहतो. माफीच्या मेलला जोडलेल्या इमेजमध्ये दुसरी चूक निघाली तर त्यानंतर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. हे वाचायला दहा मिनिटं लागतात. क्लायंट फोनवर कितीही घाई करत असला तरी ही दहा मिनिटं घ्या. त्याला तसं सांगा, तो थांबतो.

आता मेल

डिझायनर लोक पाठवतात तो मेल साधारण असा असतो :

> नमस्कार सर, तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. सुधारित इमेज सोबत जोडली आहे. धन्यवाद.

शिक्षणसंस्थेच्या त्या चुकीत तांत्रिक काही नव्हतं, एका माणसाने पट्टी वाचली नाही. आणि क्लायंटची गैरसोय झाली नव्हती. ज्यांचा जन्मदिवस साजरा करायचा त्यांच्या फोटोखाली संस्थेच्या नावाने पुण्यतिथी लिहिलं गेलं होतं, आणि संस्थेच्या आवारात तासाभरात कार्यक्रम होता. हे ज्याला कळलं आहे असं मेल वाचून वाटत नाही, त्याची माफी कोण स्वीकारणार? शिवाय "सुधारित इमेज" म्हणजे कुठली, कुठल्या मापाची, जुनीचं काय करायचं, यातलं काहीच नाही.

त्या दिवशी गेलेला मेल असा होता :

> विषय : १ ऑगस्टच्या अभिवादन इमेजची दुरुस्त प्रत. काल रात्रीची प्रत कृपया वापरू नये.
>
> आदरणीय सर,
>
> काल रात्री आम्ही पाठवलेल्या इमेजमध्ये लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या छायाचित्राखाली "जयंती" ऐवजी "पुण्यतिथी" असा शब्द गेला. ही चूक आमच्या स्टुडिओची आहे. आपण दिलेला मजकूर आणि मंजूर केलेला नमुना, दोन्ही बरोबर होते. छायाचित्र बदलताना आमच्या आधीच्या फाइलमधली पट्टी त्याच्यासोबत आली, आणि पाठवण्यापूर्वी ती इमेज पुन्हा वाचली गेली नाही.
>
> जयंतीच्या दिवशीच संस्थेच्या नावाने हा शब्द पालक आणि विद्यार्थ्यांपुढे गेला. त्याबद्दल आम्ही आपली आणि संस्थेची मनापासून माफी मागतो.
>
> दुरुस्त इमेज चौकोनी आणि उभी अशा दोन्ही मापांत जोडली आहे. चूक दोन्ही मापांत होती, दोन्ही दुरुस्त केली आहेत आणि आपल्या मूळ मजकुराशी ताडून पाहिली आहेत.
>
> विनंती : इन्स्टाग्रामवरची पोस्ट काढून ही नवी टाकावी, आणि पालकांच्या ग्रुपवरचा जुना संदेश सर्वांसाठी काढावा. आपण सांगितलंत तर आमचे सहकारी कार्यालयात येऊन हे करून देतील.
>
> ग्रुपवर दोन शब्द लिहायचे झाल्यास हे वापरता येतील : "सकाळी पाठवलेल्या इमेजमध्ये चुकीचा शब्द गेला होता. दुरुस्त इमेज पाठवत आहोत. क्षमस्व."
>
> यापुढे नमुना मंजूर झाल्यानंतर एक जरी बदल झाला, तरी संपूर्ण इमेज पुन्हा आपल्या मंजुरीसाठी येईल. आपला होकार आल्याशिवाय आम्ही तिला अंतिम म्हणणार नाही.
>
> आपली,

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. विषयाच्या ओळीत चुकीचा शब्द नाही, कारण सूचनेत ती ओळ सगळ्यात आधी दिसते आणि मेल पुढे पाठवला तरी तीच दिसते. मजकुरात मात्र तो शब्द एकदा स्पष्ट आहे. तो टाळला तर आपल्याला चूक कळली आहे हेच समोरच्याला कळत नाही. चुकीची इमेज मेलला जोडलेली नाही, "आधी आणि नंतर" असं दाखवायलाही नाही. कार्यालयातला कोणीतरी त्यातली पहिलीच फाइल उचलून पुढे पाठवतो. दुरुस्त फाइलच्या नावात तारीख आणि माप आहे, `1aug-square-corrected.png` असं, म्हणजे डाउनलोड फोल्डरमध्ये ती जुनीपासून वेगळी ओळखू येते. व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून द्या. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि पट्टीवरची बारीक अक्षरं फुटतात.

डिझायनरचं नाव मेलमध्ये नाही. चूक स्टुडिओची आहे, कारण दुसऱ्याने वाचण्याची व्यवस्था स्टुडिओने करायची असते. "पुन्हा असं होणार नाही" हेही लिहिलेलं नाही. त्याऐवजी काय बदललं आहे ते लिहिलं, कारण ते क्लायंटला पुढच्या कामात तपासून पाहता येतं. ते वाक्य लिहिण्याआधी मात्र मालकाला आणि डिझायनरला विचारा. रात्री साडेदहाला फोटो बदलला तर मंजुरी सकाळी मिळेल, आणि सकाळची पोस्ट उशिरा जाईल. हे मान्य असेल तरच लिहा.

क्लायंटने मेलला उत्तर दिलं नाही तर दुपारी एक फोन करा आणि जुनी पोस्ट निघाली का एवढंच विचारा. माफी पुन्हा मागू नका.

इथे थांबा, हे आपलं काम नाही

चुकीचा शब्द छापून वाटला गेला असेल, आणि पुन्हा छपाईचा खर्च कोणाचा यावर बोलणं आलं असेल, तर मेलमध्ये एक अक्षरही लिहू नका. "सर्व खर्च आम्ही करू" हे वाक्य मालकाने ठरवायचं असतं, आणि एकदा लिहून गेलं की परत घेता येत नाही.

वार्षिक सभेची नोटीस, लिलावाची किंवा निविदेची जाहिरात, व्याजदर, औषधाचं प्रमाण, अशा मजकुरात शब्द किंवा आकडा चुकला असेल तर दुरुस्त इमेज परस्पर पाठवून विषय मिटत नाही. नोटीस पुन्हा काढायची की वर्तमानपत्रात शुद्धिपत्रक द्यायचं, हे संस्थेच्या वकिलाने किंवा लेखापरीक्षकाने सांगायचं. आपण त्यांना फक्त दोन गोष्टी द्यायच्या : नेमकी कुठली प्रत गेली आणि किती वाजता गेली.

महापुरुषाच्या नावाशी, जातीशी किंवा धर्माशी जोडलेला शब्द चुकला असेल आणि इमेज क्लायंटच्या ग्रुपबाहेर फिरू लागली असेल, लोक संस्थेच्या दारात जाब विचारायला येत असतील, तर मेलने काही होणार नाही. मालकाने त्याच तासाला स्वतः संस्थेत जायचं, संस्थेच्या लोकांसोबत बसायचं आणि वकिलाशी बोलून मगच काही लेखी द्यायचं. तोवर मूळ फाइल, गेलेली प्रत आणि आलेले संदेश यांतलं काहीही पुसू नका. डिझायनरला भीतीपोटी फाइल डिलीट करावीशी वाटते. त्याला आधी ते सांगा.

आणि फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, शब्द बदलायला गेलं की अक्षरांची चिन्हं होत असतील, तर स्वतः खटपट करू नका. त्या फॉन्टवर रोज काम करणारा डीटीपीवाला बोलवा. तो पंधरा मिनिटांत करून देईल, आणि रूपांतर करताना रफार किंवा अर्धं अक्षर कुठे गळलं तर त्याला ते पटकन दिसतं.